पत्र प्राचार्यांना, पण त्याआधी फोन १९३० ला

वाचकाचं पत्र

*सर, मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. अंतिम वर्षाला आहे, वर्गप्रतिनिधी आहे. गेल्या महिन्यात आमच्या वर्गातल्या ३१ जणांना नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ‘पूल कॅम्पस ड्राइव्ह’ असल्याचा मेल आणि व्हॉट्सॲप मेसेज आला. मोठ्या आयटी कंपनीचा लोगो होता, आमच्या कॉलेजचं नावही होतं. ९ जणांनी फॉर्म भरला. ५ जणांनी नोंदणीचे ३५० रुपये भरले, त्यातल्या तिघांनी पुन्हा १,८०० रुपये ‘परत मिळणारं डिपॉझिट’ म्हणून दिले. दोन मुलं पहाटेच्या एसटीनं नागपूरला गेली तेव्हा गेटवर कळलं की असं काही नाहीच. प्राचार्य सर म्हणतात, कॉलेजनं बोलावलंच नव्हतं तर कॉलेजचा काय संबंध. आम्हाला कॉलेजात याबद्दल एक सत्र घ्या असं पत्र द्यायचं आहे. कसं लिहू? पैसे भरलेल्यांची नावं टाकू का? दोघांनी घरी अजून सांगितलेलंच नाही.*

उत्तर

बेटा,

पत्राचं सांगतोच, पण ते लिहायला बसण्याआधी आज एक काम उरकून घे. ज्या पाच जणांनी पैसे भरले त्यांना एकेकट्याला गाठ आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लाव. लागला नाही तर cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवता येते. या हेल्पलाइनवर तक्रार गेली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे पोचते, आणि खात्यात जे काही शिल्लक असेल ते तिथंच अडवलं जातं. पैसे पुढच्या खात्यात गेले असतील तर तक्रारही त्या खात्याच्या मागे जाते. एटीएममधून काढून नेलेले पैसे मात्र असे अडवता येत नाहीत. महिना झाला म्हणजे यातलं बहुतेक निघून गेलं असणार, हे मी तुला लपवत नाही. तरीही तक्रार करायची, कारण त्याच खात्यावर दुसऱ्या गावच्या पोरांच्या तक्रारी असतील तर तुमची त्यात भर पडते. शिवाय तक्रारीचा पोचक्रमांक मिळतो, आणि तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त वजन त्या क्रमांकाचंच असणार आहे.

यात एक अडचण येईल. आपल्याकडे पुष्कळ पोरांच्या स्वतःच्या फोनवर यूपीआय नसतं. चौकातल्या मोबाइलच्या दुकानात रोख पैसे देऊन ‘दादा, एवढे पाठवून दे’ म्हणतात. तसं झालं असेल तर व्यवहार दुकानदाराच्या खात्यातून झालेला आहे. त्याच्याकडे जाऊन त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात १२ अंकी यूटीआर क्रमांक असतो, तो तक्रारीत लागतो. दुकानदार ‘मला पोलिसात नको ओढू’ म्हणेल. त्याला शांतपणे सांगा की पैसे पाठवणारा म्हणून त्याच्यावर काही आळ नाही, व्यवहाराचा पुरावा फक्त त्याच्याकडे आहे एवढंच.

आता पत्राकडे येऊ. तुमच्या प्राचार्यांचं ‘कॉलेजचा काय संबंध’ हे वाक्य मी माझ्या नोकरीत अनेकदा ऐकलंय, आणि ते वाईट मनाचं वाक्य नाही. त्यामागे भीती असते. पत्रकार आला, पालक आले, संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला तर उत्तर त्यांना एकट्याला द्यावं लागतं. तुझं पत्र ‘कॉलेजनं आमचं संरक्षण केलं नाही’ या सुरात गेलं तर ते फायलीत जाऊन झोपेल. पण ‘कोणीतरी आपल्या कॉलेजचं नाव वापरून फसवणूक केली’ असं सांगत गेलं तर फसवले गेलेल्यांत कॉलेजही येतं. त्या पत्रावर कारवाई करणं प्राचार्यांना जड जात नाही. आणि हे पटवण्यासाठी रचलेलंही नाही, खरंच तसं झालेलं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मागायचं काय. ‘सायबर जनजागृती कार्यक्रम आयोजित करावा’ एवढंच लिहिलंस तर काय होईल ते सांगतो. सभागृहात दीपप्रज्वलन होईल, पाहुण्यांचं शाल-श्रीफळ होईल, पाहुणे ओटीपी कोणाला देऊ नका, लॉटरीच्या मेसेजवर विश्वास ठेवू नका असं सांगतील, आभारप्रदर्शन होईल. पोरं घरी जातील आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पूल ड्राइव्हचा मेल येईल. त्या भाषणातलं एकही वाक्य चुकीचं नसेल, पण तुमच्या वर्गाला फसवलं ते ओटीपीनं नाही. तुम्हाला जिथं फसवलं ती फट वेगळी आहे, आणि ती पत्रात बोट ठेवून दाखवायला हवी.

ती फट अशी. पूल ड्राइव्ह ही खरीच गोष्ट आहे. कंपनी एका मोठ्या कॉलेजात येते, ते यजमान, आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांची पोरं तिथं जातात. आपल्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजात कंपनी सहसा स्वतः येत नाही. आपण नेहमी कोणाच्या तरी पूलमध्ये पाहुणे असतो. त्यामुळे अनोळखी कॉलेजातून, अनोळखी नंबरवरून बोलावणं येणं आपल्या पोरांना विचित्र वाटतच नाही. नागपूरच्या यजमान कॉलेजच्या पोराला असा मेल आला तर तो खाली उतरून प्लेसमेंटच्या खोलीत विचारून येतो. तुमच्या वर्गाला विचारायला दीडशे किलोमीटर जावं लागतं, आणि दोघं खरोखर गेलेच.

खऱ्या पूलचा रस्ता ठरलेला असतो. यजमान कॉलेजचा प्लेसमेंट अधिकारी तुमच्या कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला कळवतो, तो नोटीस लावतो, इच्छुकांची यादी करतो आणि यादी परत पाठवतो. म्हणजे बोलावणं कॉलेजमार्गे येतं. ते थेट पोराच्या फोनवर आलं की मधली एक पायरी गळलेली असते. फसवणारा नेमकी तीच पायरी गाळतो आणि वर लिहितो, ‘आपल्या कॉलेजच्या शिफारशीवरून आपली निवड झाली आहे.’

हे मला इतकं ठाम सांगता येतं, कारण या फटीत मी स्वतः पोरांना ढकललेलं आहे. मी अनेक वर्षं एका ग्रामीण कॉलेजात शिकवण्यासोबत प्लेसमेंटचं काम पाहिलं. एकदा असाच एक मेल मला आला. पत्र नीट होतं, खाली सही होती, शिक्का होता. वर्गावर जायची घाई होती, मी तो अंतिम वर्षाच्या ग्रुपवर पुढे ढकलला. यजमान कॉलेजला एक फोन केला नाही. पोरांच्या दृष्टीनं ते बोलावणं त्या क्षणी खरं झालं, कारण ते सरांनी टाकलं होतं. सात जणांनी पैसे भरले. त्यातल्या एका मुलीचे वडील सोयाबीन विकून आलेले पैसे खिशात घेऊन कॉलेजात आले आणि मला विचारत होते, ‘सर, आणखी काही भरायचं राहिलं का?’ तेव्हापासून मी एक नियम केला, तो पुढे सांगतो, आणि तुझ्या पत्रातल्या मागण्या त्यातूनच आल्यात.

तू पाठवलेला मेल मी पाहिला. सत्रात तोच पडद्यावर लावायला सांग, म्हणून त्यातल्या तीन जागा दाखवून ठेवतो.

पहिली जागा पाठवणाऱ्याचा पत्ता. वर ठळक अक्षरात जे नाव दिसतं ते कोणीही काहीही लिहू शकतो. फोनवर जीमेलमध्ये त्या नावाखालच्या ओळीवर बोट ठेवलं की खरा पत्ता उघडतो. आता तो वाचायचा कसा? कंपनीचं नाव समजा xyz आहे आणि तिची साइट `xyz.example` आहे. मग `careers.xyz.example` ही तिचीच शाखा, कारण `xyz.example` हे जसंच्या तसं शेवटी आलंय. पण `xyz-careers.example` हे पूर्णपणे दुसऱ्याचं घर आहे. कंपनीच्या नावाला टिंबाऐवजी आडवी रेघ चिकटली की तो वेगळाच पत्ता, कोणीही नोंदवू शकतो असा. आपण डावीकडून वाचतो, ओळखीचं नाव आधी दिसतं आणि मन तिथंच थांबतं. पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावावी लागते, आणि ती ऐकून लागत नाही. दहा पत्ते पडद्यावर टाकून पोरांकडून वाचून घ्यावे लागतात. तुमच्या मेलमध्ये नेमकी हीच आडवी रेघ आहे. अशी साइट कधी नोंदवली गेली ते lookup.icann.org वर दिसतं. कंपनी कित्येक वर्षांची आणि साइट तीन आठवड्यांपूर्वीची असेल, तर पुढे काही तपासायची गरज नाही. मात्र साइट जुनी निघाली म्हणजे ती खरी, असा उलटा अर्थ काढायचा नाही.

दुसरी जागा ३५० रुपयांची. एवढ्याशा रकमेसाठी कोणी फसवेल का, असं पोरांना वाटतं. ही रक्कम चाळणी म्हणून ठेवलेली असते. जो ३५० देतो त्यानं दोन गोष्टी सांगून टाकल्या: मला हे खरं वाटतंय, आणि माझ्याकडून पैसे निघतात. मग दुसरा मेसेज फक्त त्यालाच येतो, त्यात १,८०० असतात, आणि ‘परत मिळणारं’ हा शब्द असतो. तुमच्याकडे पाचातले तीन त्या दुसऱ्या पायरीवर गेले. खरी कंपनी उमेदवाराकडून नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, लॅपटॉप, गणवेश यातल्या कशाचेही पैसे मुलाखतीआधी मागत नाही. रक्कम १ रुपया असली तरी उत्तर तेच.

तिसरी जागा फॉर्मची, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. पैसे पाच जणांचे गेले, पण फॉर्म नऊ जणांनी भरला. त्यात आधारचा फोटो, बँक पासबुकचं पहिलं पान आणि कोऱ्या कागदावरची सही मागितली होती. मुलाखतीच्या आधी कुठल्याही कंपनीला पासबुक लागत नाही, ते लागतं पहिला पगार टाकायच्या वेळी. पैसे न भरलेले उरलेले चार जण ‘आमचं काही गेलं नाही’ म्हणून निवांत असतील. त्यांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्यावं, ते आधारच्या ॲपवरून किंवा साइटवरून फुकट होतं. बँकेत जाऊन खात्याला आपलाच मोबाइल क्रमांक जोडलेला आहे ना, ते पाहून घ्यावं. आणि ‘तुमच्या खात्यात चुकून पैसे आलेत, पुढे पाठवा’ किंवा ‘तुमचं खातं काही दिवस वापरायला द्या, कमिशन देतो’ असा फोन आला तर तिथंच थांबावं. चोरीचे पैसे अशा पोरांच्या खात्यांतून फिरवतात, आणि मग गोठतं ते खातं पोराचं असतं. शिष्यवृत्ती त्याच खात्यात येत असेल तर तीही त्यात अडकते.

नावांचं विचारलंस. पत्रात एकही नाव टाकू नकोस. पत्र आवक होतं, शिपायापासून लिपिकापर्यंत चार हातांतून जातं, आणि तालुक्याच्या गावात संध्याकाळपर्यंत पानटपरीवर पोचतं. आकडे लिही, पोचक्रमांक लिही. पोलिसांना नावं लागतील ती तक्रारीत आहेतच. ज्या दोघांनी घरी सांगितलेलं नाही त्यांना तू एवढंच सांग की घरच्यांना हे बाहेरून कळण्याआधी त्यांच्या तोंडून कळू दे. जमत नसेल तर विश्वासातल्या एका सरांना किंवा मॅडमना सोबत घेऊन जा.

हा घे मसुदा. रिकाम्या जागा भर, भाषा तुझ्या हातची कर, पण मागण्या अशाच ठेव.

---

प्रति,
मा. प्राचार्य,
\_\_\_\_\_\_\_\_ महाविद्यालय, \_\_\_\_\_\_\_\_

दिनांक: \_\_\_\_\_\_\_\_

विषय: महाविद्यालयाच्या नावाचा गैरवापर करून आलेली बनावट प्लेसमेंट ड्राइव्हची निमंत्रणे आणि त्याबाबत विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन सत्र घेण्याबाबत.

महोदय,

आम्ही बी.एस्सी. अंतिम वर्षाचे विद्यार्थी आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की, दि. \_\_\_\_ ते दि. \_\_\_\_ या काळात आमच्या वर्गातील ३१ विद्यार्थ्यांना ई-मेल व व्हॉट्सॲपद्वारे नागपूर येथील पूल कॅम्पस ड्राइव्हचे निमंत्रण आले. त्यात आपल्या महाविद्यालयाच्या शिफारशीचा खोटा उल्लेख होता. ९ विद्यार्थ्यांनी कागदपत्रांसह फॉर्म भरला. ५ विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ३५० रुपये व त्यापैकी ३ विद्यार्थ्यांनी आणखी प्रत्येकी १,८०० रुपये, असे एकूण ७,१५० रुपये भरले. दोन विद्यार्थी दि. \_\_\_\_ रोजी प्रत्यक्ष नागपूरला गेले असता असा कोणताही कार्यक्रम नसल्याचे त्यांना प्रवेशद्वारावर सांगण्यात आले.

संबंधित विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारी केल्या असून पोचक्रमांक सोबत जोडले आहेत. विद्यार्थ्यांची नावे त्यांच्या विनंतीवरून या पत्रात दिलेली नाहीत.

आपल्या महाविद्यालयाने हे निमंत्रण दिलेले नव्हते याची आम्हाला जाणीव आहे. परंतु महाविद्यालयाचे नाव वापरल्यामुळे विद्यार्थ्यांना ते खरे वाटले. अंतिम वर्षाच्या परीक्षांपूर्वी अशी निमंत्रणे पुन्हा येण्याची शक्यता आहे. म्हणून आमची विनंती आहे की,

अंतिम वर्षाच्या सर्व शाखांसाठी दि. \_\_\_\_ पूर्वी, दुपारी १२ ते १.३० या वेळेत एक सत्र घ्यावे. त्यासाठी जिल्हा सायबर पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांना महाविद्यालयाच्या पत्राद्वारे निमंत्रित करावे. आम्हाला आलेली प्रत्यक्ष निमंत्रणे, वैयक्तिक माहिती झाकून, सत्रात दाखवावीत. प्लेसमेंट अधिकारी सरांनी खऱ्या पूल ड्राइव्हची कार्यपद्धती त्याच सत्रात समजावून सांगावी.

तसेच यापुढे प्रत्येक ड्राइव्हची सूचना जावक क्रमांक व प्लेसमेंट अधिकाऱ्यांच्या सहीसह सूचना फलकावर लावावी, आणि फलकावर नसलेली ड्राइव्ह महाविद्यालयाची नाही असे सर्व वर्गांना कळवावे. शंका विचारण्यासाठी महाविद्यालयाचा एक दूरध्वनी क्रमांक जाहीर करावा.

महाविद्यालयाच्या नावाचा गैरवापर झाल्याने महाविद्यालयाच्या वतीनेही तक्रार द्यावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
(वर्गप्रतिनिधी) व विद्यार्थ्यांच्या सह्या

सोबत: १) निमंत्रणाच्या ई-मेलची प्रत २) व्हॉट्सॲप संदेशांचे स्क्रीनशॉट ३) तक्रारींचे पोचक्रमांक

---

मसुद्यातल्या काही गोष्टी मी मुद्दाम घातल्यात. दुपारी १२ ची वेळ त्यातली एक. आपल्या कॉलेजात कार्यक्रम ३ ला ठेवला की खेड्यावरून येणाऱ्या मुली घड्याळाकडे बघत बसतात, कारण साडेतीनची एसटी चुकली तर पुढची थेट संध्याकाळी. आणि फसवणुकीचा मेसेज सगळ्यात खरा वाटतो तो गावात एकट्या पडलेल्या पोराला. तेव्हा ज्यांना हे सत्र सगळ्यात जास्त लागतं त्यांनाच ते अर्ध्यावर सोडून उठावं लागू नये.

प्लेसमेंट अधिकाऱ्यानं त्याच सत्रात बोलावं, हीसुद्धा आग्रहानं धरायची मागणी. पोलीस अधिकारी गुन्हा कसा होतो आणि तक्रार कशी करायची ते उत्तम सांगतील, पण तुमच्या कॉलेजात खरं बोलावणं कसं दिसतं ते त्यांना ठाऊक नसतं. खरी नोटीस आणि खोटा मेल शेजारी शेजारी पडद्यावर लागले तर पोरांना फरक डोळ्यांनी दिसेल. आणि सगळ्यांसमोर बोलल्यानं त्या सरांवरही एक जबाबदारी येते. आलेला मेल ग्रुपवर टाकण्याआधी यजमान कॉलेजला फोन करायचा, आणि तो नंबर मेलमधला न घेता त्या कॉलेजच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचा. माझा नियम एवढाच होता. फोनला दोन मिनिटं लागायची. मग वहीत तारीख, वेळ आणि पलीकडे कोण बोललं ते लिहायचो, आणि त्यानंतरच नोटीस टंकायला द्यायचो.

एक गोष्ट मी मसुद्यात घातलेली नाही, पण तुझ्या मनात आली असेल. ३१ जणांचे नंबर आणि मेल त्यांना मिळाले कुठून? ‘कॉलेजातून फुटले’ असं पत्रात लिहू नकोस, तुझ्याकडे पुरावा नाही. आधी स्वतः पाहा: कॉलेजच्या साइटवर अंतिम वर्षाची यादी फोन नंबरांसकट पीडीएफमध्ये पडलेली आहे का? वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपची जोडणी-लिंक कुठं उघड्यावर आहे का? गेल्या वर्षभरात कोणत्या ‘मोफत करिअर चाचणी’चा फॉर्म सगळ्या वर्गानं भरला होता? साइटवर अशी यादी सापडली तर प्राचार्यांना तोंडी सांग, ती एका दिवसात काढून टाकता येते. ग्रुपची लिंक तुम्ही स्वतःच रद्द करून नवी करू शकता.

पत्र देताना दोन प्रती ने. एक आवक विभागात दे आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घे. प्राचार्यांच्या हातात थेट दिलेलं पत्र टेबलावरच्या ढिगात जातं आणि मग ‘मिळालंच नाही’ होतं. आवकचा शिक्का घेऊन झाला की मग त्यांना भेट, दोघं-तिघं जा, पाच मिनिटं बोला. सोबत ज्या मुलाला नागपूरच्या गेटवरून परत यावं लागलं तो असेल तर उत्तम, पण त्याची इच्छा असेल तरच.

आठ दिवसांत हालचाल दिसली नाही तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेट. त्यांना वर्षभर उपक्रम घ्यायचेच असतात, आणि पोलिसांना बोलावून सत्र घेणं त्यांच्या कामात बसतं. प्राचार्यांनाही ‘रासेयोनं घेतलं’ हे सोपं जातं. तुला सत्र हवंय, श्रेय कोणाला मिळतं याकडे बघू नकोस. फलकावरच्या नोटिशीची मागणी मात्र सोडू नकोस. सत्र एका दुपारचं असतं, पुढच्या वर्षीचा अंतिम वर्षाचा वर्ग त्यात बसलेला नसेल. फलकाचा नियम त्यांच्यासाठीही राहील.

सत्र ठरेपर्यंतच्या मधल्या दिवसांत एक धोका आहे तो आत्ताच वर्गाला सांग. ज्यांनी पैसे भरले त्यांना आता ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांची यादी त्यांच्याकडे तयारच असते. समोरचा सायबर पोलीस म्हणून बोलेल, कंपनीचा कायदा विभाग म्हणून बोलेल, आणि शेवटी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगेल. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. एखादं ॲप फाइल म्हणून पाठवून ‘हे टाकून घ्या’ म्हणाले तर ती फाइल उघडायचीही नाही. ज्यांना मेसेज आला पण पैसे गेले नाहीत त्यांनी तो नंबर sancharsaathi.gov.in वर ‘चक्षू’ सुविधेत कळवावा. आणि कोणीही चॅट पुसून टाकू नये, लाज वाटली तरी. काही पोरं पहिलं तेच करतात.

त्या नागपूरला जाऊन आलेल्या दोघांना विचार, एसटीची तिकिटं अजून बॅगेत आहेत का. असतील तर फोटो काढून ठेवा आणि ‘सोबत’च्या यादीत चौथा क्रमांक टाका. त्यावर तारीख आणि वेळ छापलेली असते.